जाऊबाईंचं नाचणीचं पीठ

माझी मुलगी वरचं खायला लागली तेव्हा आम्ही तिला दुकानातलं तांदळाचं तयार अन्न द्यायचो. चिकलठाण्याला आमचा फ्लॅट, माझी बँकेतली नोकरी, आणि गरम पाण्यात कालवलं की झालं, अशी ती सोय. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, मध्ये मऊ भात. मग बँकेतल्या एका मैत्रिणीनं मोबाईलवर बातमी दाखवली. लहान बाळांच्या तांदळाच्या पदार्थांत आर्सेनिक सापडतं, म्हणजे विषच. माझा जेवणाचा डबा तसाच राहिला.

बाळाच्या डॉक्टरबाईंनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, "भात साचलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळं जमिनीतलं आर्सेनिक बाकीच्या धान्यांपेक्षा जास्त शोषतो. एखाद्या वाटीनं काही होत नाही. पण बाळाचं वजन केवढं, खाणं केवढं, आणि त्यात रोज तांदूळच. म्हणून धान्य बदलत राहा. ज्वारी, नाचणी, गव्हाचा दलिया, सोबत डाळी. भात असू द्या अधूनमधून."

हे मी मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. त्या मुकुंदवाडीला राहतात आणि घरी भाजून-दळून बाळांची पिठं विकतात. त्यांनी मला जवळ घेतलं. "लई विचार करती तू. मी हाय ना. नाचणी, ज्वारी न् मूग घालून देते. तांदळाचा दाणा नाय घालणार, पोरीची शप्पथ."

त्या शपथेवर मी निश्चिंत झाले. पीठ तपकिरी होतं, खारकेचा गोड वास यायचा, मुलगी चाटूनपुसून खायची. मी बँकेतल्या दोघीतिघींना त्यांचा नंबर दिला. "घरचंच आहे, डोळे झाकून घ्या," असंही म्हणाले.

एका रविवारी न सांगताच त्यांच्याकडं गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात चादरीवर भाजलेला तांदूळ पसरलेला, न सडलेला, म्हणजे वरचा कोंडा न काढलेला, तांबूस. शेजारी ताटलीत मूठभर नाचणी.

"ताई, हे कुणासाठी?" मी विचारलं.

"पिठासाठी."

"कुठल्या?"

त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अगं, नाचणीचं पीठ चिकट होतं. बाया परत आणून द्यायला लागल्या, पोरं थुंकतेत म्हणून. तांदूळ घातला की सगळी पोरं खातेत. तुझीच बघ की, कशी मजेत खाती."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस व्हय? न् हा साधा तांदूळ नाय, ब्राऊन राईस हाय, सेंद्रिय. पौष्टिक असतो."

तेव्हा मला रडूच आलं. डॉक्टरबाईंनी त्याच वेळी हेही बजावलं होतं: आर्सेनिक तांदळाच्या वरच्या कोंड्यातच जास्त असतं, न सडलेल्या तांदळात पांढऱ्यापेक्षा अधिक, आणि सेंद्रिय म्हटल्यानं ते कमी होत नाही. ज्याच्यापासून मी पळाले होते, तेच मी इतके दिवस चमच्यानं भरवत होते. रोज. हौसेनं.

"ताई, तुम्ही माझ्या पोरीची शप्पथ घेतली होती."

"पोरगी ठणठणीत हाय ना? मग कशाला एवढा कांगावा?"

मी घरी आले. नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वहिनीनं वाईट हेतूनं नाही केलं. घरातली गोष्ट आहे, वाढवू नको." मला वाटलं होतं तो आधी मुलीला उचलून घेईल. त्यानं आधी वहिनीची बाजू घेतली.

डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं. दिसण्यासारखं काही नव्हतं. याचा त्रास लगेच दिसत नाही, सालोसाल तेच पोटात जात राहिलं तर काळजी, असं त्या म्हणाल्या. आता मी स्वतः शिजवते. ज्वारीची पेज, दलिया, नाचणीचं सत्त्व. भात करायचा तर भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून देते. नाचणी पहिल्यांदा तिनं खरोखरच थुंकली. मी परत परत दिली, मग खायला लागली. म्हणजे जाऊबाईंनाही तेवढाच धीर धरायचा होता.

बँकेतल्या बायकांना फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. एकीनं नुसतं विचारलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना?" मी हो म्हटलं.

सासूबाईंकडं गौरीच्या सणाच्या जेवणाला जाऊबाई भेटल्या. ताटातली पुरणपोळी त्यांनीच माझ्या मुलीला मोडून दिली, हसून म्हणाल्या, "घे बाई, गव्हाचीच हाय." सगळे हसले. मी तिच्या हातातला तुकडा काढून घेतला नाही. पण तो तिच्या तोंडात जाईपर्यंत माझी नजर त्यावरून हलली नाही, आणि हे जाऊबाईंनी पाहिलं.