आईच्या पलंगावरचं छत

कराडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईची खोली संडासाला लागून आहे. मुद्दामच तशी ठेवलेली, कारण भिंतीला धरून तिला तेवढंच चालता येतं. नेमकं त्याच खोलीचं छत गळायला लागलं, तेही तिच्या पलंगावर. वरच्या फ्लॅटमध्ये फौजीची बायको दोन मुलांना घेऊन राहते. तिने दोनदा फरशीच्या फटी बुजवून घेतल्या. पाणी परत आलंच.

शेवटी मी सोसायटीच्या कमिटीला ईमेल केला. जन्म बँकेत गेला, मसुदा कसा करायचा ते मला कळतं. ‘वरच्या बाथरूमचे पाणी आमच्या बेडरूमच्या छतातून, भिंतीलगत गळते. वर आंघोळी झाल्यावर तासाभरात सुरू होते. फटी दोनदा भरूनही थांबलेले नाही. खाली वयोवृद्ध आई झोपते, म्हणून तातडी आहे. प्लंबरसह पाहणी करून संबंधित सभासदास दुरुस्तीचे पत्र द्यावे. फोटो सोबत.’ एकही शब्द रागाचा नाही. पाठवला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

कमिटी रविवारी आली. वरची बाई माहेरी गेली होती, जाताना किल्ली मात्र विश्वासाने आमच्याकडे ठेवून गेली होती. म्हणजे वर आंघोळीच नव्हत्या! चेअरमन माजी सुभेदार. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “कोरडं हाय की.”

प्लंबरने मात्र डागाचा पसारा बघूनच सांगितलं, “वरची फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागंल.”

सेक्रेटरी म्हणाले, “गडी सरहद्दीवर, अन् त्याच्या माघारी घर फोडायचं? बरं दिसत न्हाई. सुट्टीवर आला की बघू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आमच्याकडे फौजीच्या घराशी कुणी भांडत नाही, आणि माझ्यानेही ते होईना.

त्याची सुट्टी पुढे गेली. बाई परत आली, गळतीही आली. एकदा ती दारात उभी राहून रडली, “काका, पोरांना टबात बसवून आंघोळ घालते हो. आणखी काय करू?”

पलंग हलवायला दुसरी जागा नव्हती. आईला चार दिवसांसाठी म्हणून मेढ्याला बहिणीकडे नेऊन सोडलं आणि कमिटीला स्मरणपत्र पाठवलं. सेक्रेटरी जिन्यात भेटले. “आवं, आजी मेढ्याला गेल्यात न्हवं? मग आता कसली तातडी?”

मला खूप संताप आला, पण तातडीचं कारण मीच लिहून दिलं होतं.

आईचा रोज फोन येतो. “थांबलं का रं पाणी?”

“थांबत आलंय.”

“मग मला न्यायला कवा येतोस?”

“येतो की,” म्हणतो आणि फोन ठेवून तिच्या पलंगावरची बादली रिकामी करायला उठतो.