दुसरा दिवा

रिफंडच्या टेबलावरच्या वहिनींना ऑफिसात सगळे 'नियमावली' म्हणायचे. फोनवर कुणी रडलं तरी त्या आधी नियम ऐकवायच्या.

त्या दुपारी एका वयस्कर काकांचा फोन आला. "दोन दिवे मागवले होते, एक परत केला. पण पैसे भलतीकडेच आलेत."

वहिनींनी ऑर्डर उघडली. "काका, तुम्ही निम्मे पैसे गिफ्ट कार्डातून भरलेत, पाव वॉलेटमधून आणि पाव बँकेच्या कार्डावरून. म्हणून एका दिव्याचे पैसेही त्याच प्रमाणात तिन्हीकडे परत गेले. नियमच आहे."

"गिफ्ट कार्ड बायकोनं दिलं होतं. ती गेल्यावर मी ते संपवलं. आज त्यात पैसे आले आणि तिच्या नावानं मेसेज आला, 'वेळेवर जेव.'"

कार्डात पैसे परत आले, की देणाऱ्याचं नाव आणि मूळ मजकूर आपोआप पुन्हा जातो. वहिनींनी तेही सांगितलं.

"मग दुसरा दिवा परत केला, तर ती पुन्हा बोलेल?"

"हो."

"मग राहू दे आत्ता. कधी घर फारच खायला उठलं, तर करीन."

परत करायची मुदत उद्याच संपत होती. नियमावलीनं हा एक नियम तेवढा ऐकवला नाही.