दुरुस्तीसाठी परत नेलेला दाखला

मुलगी कॅनडात असते. तिच्याकडे राहावयास जाण्याच्या व्हिसासाठी ती माझीच मुलगी आहे, हे कागदावर सिद्ध करावयाचे होते. तिच्या जन्मदाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर हाती आले, तेव्हा त्यात जन्मतारखेच्या जागी नोंदणीची तारीख पडली होती आणि आईचे नाव चुकले होते. नोटरीचा शिक्का मात्र स्वच्छ उमटला होता.

मी कागद घेऊन भाषांतराच्या कार्यालयात गेलो. तेथील बाईंनी तो उलटून पाहिला.

"आजोबा, ही रेघ कुणी मारली?"

"मी. चूक खोडली, वर बरोबर लिहिले, बाजूला सही केली. कचेरीत पस्तीस वर्षे हीच रीत होती."

"तुमच्या कचेरीत व्हती की! हितं शिक्क्याच्या कागदाला पेन लागलं की कागद बाद. चूक आमचीच हाय, पण तुम्ही ती पार पक्की केलीसा."

जुनी प्रत रद्द करून नवे भाषांतर, नवे प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा नोटरी, असे ठरले. तारीख मूळ दाखल्यावरून सुधारता येणार होती. आईच्या नावाचे इंग्रजी रूप मात्र केवळ माझ्या सांगण्यावरून बदलता येणार नव्हते.

"त्यांचा पासपोर्ट आणा."

"ती आता नाही. पासपोर्ट आहे."

कळंब्याला घरी जाऊन तो घेऊन आलो. आम्ही दोघांनी आपापले पासपोर्ट एकाच दिवशी काढले होते, मुलीकडे जाण्यासाठी. तिच्या पासपोर्टात एकही शिक्का नाही. बाई कोरी पाने उलटता उलटता थांबल्या. मग नावाचे पान उघडून इंग्रजी अक्षरे उतरवून घेतली.

त्यांच्याकडे एक नियम होता. प्रतिज्ञापत्रापूर्वी ग्राहकाने मूळ दाखला मोठ्याने वाचावयाचा आणि भाषांतरकाराने समोरच्या प्रतीवर खुणा करावयाच्या.

"चष्मा हाय न्हवं? वाचा."

तारीख वाचली. नोंदणी क्रमांक वाचला. माझे नाव वाचले. नंतर थांबलो. लग्नात बायकांनी दार अडवले, तेव्हा उखाण्यात तिचे नाव घेतले होते. त्यानंतर संसारभर मी तिला मुलीच्या नावाने, अमकीची आई म्हणून, हाक मारली. ती गेल्यावर तर हाक मारण्याचे कारणच उरले नाही.

"आजोबा, आईचं नाव?"

मी उच्चारले.

"मोठ्यानं की. ऐकू न्हाय आलं."

पुन्हा उच्चारले. बाईंनी खूण केली. तिसऱ्यांदा विचारले असते, तर मी तिसऱ्यांदाही सांगितले असते. त्यांनी विचारले नाही.

नवा कागद दोन दिवसांनी मिळाला. त्याची प्रत पाठवल्यावर मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचं नाव नीट बघितलंत?"

"वाचून दाखवले."

"तुम्ही? मोठ्यानं?"

"होय."

"मग आता मलाही ऐकवा." मी तिसऱ्यांदा उच्चारले.