स्वतःपेक्षा जास्त गुण

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे फुटपट्टी म्हणतात, आणि ती त्या नावाला ओ देते. कुणी ‘छान जमलंय’ म्हणालं, की ‘किती छान?’ असं विचारून त्याच्या उत्साहावर पाणी ओतायचं, ही तिची खोड. मी शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे पहिला प्रसाद मलाच मिळतो.

आमचं काम चेहरे बदलायचं. एकाच्या फोटोतला चेहरा दुसऱ्याच्या व्हिडिओवर बसवायचा. ओळख फोटोतल्याची राहायला हवी, हावभाव व्हिडिओतल्याचे. हे काम शिकवलेली संगणकाची दोन मॉडेलं शर्यतीत होती, एक तिचं आणि एक माझं. जे सरस ठरेल तेच पुढे न्यायचं, असं आमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं होतं. तिने वर्षभर आपल्या मॉडेलाचे लेकरासारखे लाड केले होते.

दोन चेहरे किती जवळचे आहेत, हे चेहरा ओळखणारं नेटवर्क, म्हणजे त्यासाठी तयार केलेला संगणकाचा प्रोग्राम, एका आकड्यात सांगतं. आकडा १ च्या जेवढा जवळ, तेवढी ओळख पक्की. तिला सरासरी ०.८९ मिळाले, मला ०.६४. स्वारी दिवसभर हवेत होती.

दुसऱ्या दिवशी तिची आई, ती घरी विसरलेली किल्ली द्यायला आली. पडद्यावर एका हसणाऱ्या बाईच्या व्हिडिओवर फुटपट्टीचा चेहरा बसवलेला होता, डावीकडे तिच्या मॉडेलाने, उजवीकडे माझ्या. आईने उजवीकडे बोट दाखवलं. “ही आमची. ती न हसणारी कोण?”

एकीचं मत, त्यातून आईचं, धरता येत नाही, असं फुटपट्टीने सुनावलं. पण तिला चैन पडेना. तिने स्वतःचेच दोन खरे फोटो त्या नेटवर्कला दिले. आकडा आला ०.७१.

मी म्हटलं, “मॉडेलातली तू तुझ्यापेक्षाही जास्त तू आहेस.”

ती हसली नाही. तिचं मॉडेल शिकताना याच नेटवर्कला खूश करायला शिकलं होतं. शिकवणी घेणाऱ्यानेच पेपर तपासले होते. मग तिने दोन्ही मॉडेलांनी कधी न पाहिलेलं दुसरं नेटवर्क घेतलं आणि सगळे चेहरे पुन्हा मोजले. या वेळी ती माझ्या खाली आली. नावं झाकून, डावं-उजवं दर वेळी बदलून, तिने सहकाऱ्यांनाही व्हिडिओ दाखवले. बहुतेकांनी माझेच निवडले. तिच्या व्हिडिओंत हनुवटीची कड थरथरत होती, आणि हसण्याच्या जागी फोटोतले मिटलेले ओठ तसेच राहिले होते.

तक्त्यात तिने स्वतःला दुसरं लिहिलं आणि बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं. जिंकलो मी, पण मला वाईट वाटलं.

संध्याकाळी ती फोनवर आईशी बोलत होती. आईने त्या चेहऱ्याबद्दल पुन्हा विचारलं असावं.

“ती न हसणारी ना? ती माझी होती गं,” ती म्हणाली. “मीच केलेली.”