अंगठीतला नीलम कुठला

केनवडच्या मावशीकडून अंगठी घेऊन मी जयपूरला परत आले, तेव्हा काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. तिच्या दोन मुलांमध्ये वाटण्या चालल्या होत्या. शेत, विहीर, घर सगळं गोडीनं वाटून झालं, अंगठीपाशी गाडी अडली. नीलमाचे दोन तुकडे करता येत नाहीत. थोरला म्हणाला, विकून येईल ते निम्मं निम्मं करू. मी जयपूरच्या रत्नांच्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे तपासायचं काम माझ्याकडे आलं.

"काश्मीरचा हाये तो," मावशी म्हणाली. "माह्या आजेसासऱ्यानं इंग्रजाच्या जमान्यात घेतला. कागद तेवढा करून आण."

तिच्यासाठी कागद म्हणजे फक्त शिक्का. दगड काश्मीरचा हे त्या घरात कधीच ठरलेलं होतं. नीलम कुणाला भोवतो, कुणाला मानवतो, म्हणून लोक त्याला भितात. या घराला मानवला, असं गावात म्हणत. काका लग्नापासून ती अंगठी बोटात घालत. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तो निळा दगड उन्हात धरायची.

आमच्याकडे नातेवाईकाचा दगड आपण तपासायचा नाही, असा नियम आहे. अंगठीतून दगड काढला गेला, त्याला एक नंबर मिळाला आणि तो माझ्या सहकाऱ्यांकडे गेला. तो कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी माझ्या टेबलावर दुसऱ्यांचे माणिक बघत बसले.

लोकांना वाटतं, यंत्रात दगड टाकला की गावाचं नाव बाहेर येतं. तसं नसतं. आधी सूक्ष्मदर्शकाखाली दगडाच्या पोटात बघायचं. दगड जमिनीखाली वाढत असताना शेजारचं जे काही त्यात अडकलं, ते तिथंच राहतं: सुईसारखे बारीक तंतू, ज्यांना आम्ही रेशीम म्हणतो, द्रवाचे थेंब, दुसऱ्या खनिजांचे कण. ब्रह्मदेशाच्या माणकातलं रेशीम आखूड आणि दाट असतं, सिलोनच्या नीलमात लांब. काश्मीरच्या नीलमात इतकी बारीक धूळ असते की रंग मखमलीसारखा मऊ दिसतो. मग प्रकाश दगडातून पार करून कुठला रंग किती शोषला जातो ते बघायचं. शेवटी लेसरनं दगडाच्या कडेवर केसापेक्षा बारीक ठिपका पाडून लोह, टायटॅनियम, गॅलियम, मॅग्नेशियम किती आहे ते मोजायचं. हे सगळं आमच्याकडच्या, खाणीवरून खात्रीनं आणलेल्या दगडांशी ताडून पाहायचं. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळतात तेव्हा "ठरवता येत नाही" असंही लिहावं लागतं. शेवटी ते मतच असतं, पण पुराव्यावर उभं राहिलेलं.

आणि त्या मतावर किंमत फिरते. एकाच रंगाचे, एकाच वजनाचे दोन नीलम शेजारी ठेवले तर घेणाऱ्याला फरक कळणार नाही. पण एकाच्या कागदावर काश्मीर असेल तर तो दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग. काश्मीरची ती खाण हिमालयात फार उंचावर होती, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी थोड्याच वर्षांत तिच्यातला चांगला माल संपला. नवा माल जवळपास येतच नाही. लोक रंगाचे पैसे देतात, त्याहून जास्त त्या संपलेपणाचे देतात.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. तिघांनी दगड पाहिला होता. दोघांचं मत लगेच जुळलं, तिसऱ्यानं सिलोनची शंका काढली, म्हणून पुन्हा मोजमाप झालं. मग एकमत झालं: मादागास्कर. झिरकॉनच्या बारीक कणांचे झुबके होते, काश्मीरची धूळ नव्हती, लोहाचं प्रमाण त्या बेटाच्या दगडांत बसत होतं. शिवाय दगड भट्टीत तापवून रंग खुलवलेला होता. रेशीम तुटून त्याचे नुसते ठिपके उरले होते.

मी खुर्चीत बसूनच राहिले. किंमत कमी आली, हे मला तेव्हा सुचलंही नाही. मादागास्करचे नीलम बाजारात खऱ्या अर्थानं आले ते नव्वदच्या दशकात. असं तापवणं सर्रास सुरू झालं, तेही आजेसासऱ्यांच्या काळानंतर. इंग्रजांच्या जमान्यात घेतलेल्या अंगठीत हा दगड असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी तो बदलला होता, आणि तोही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी दगड अंगठीत परत बसवून घेतला आणि वाशीमला उतरून रिसोडच्या एसटीनं केनवडला गेले. ओसरीवर मावशी, दोघे भाऊ आणि सुना बसल्या होत्या. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं.

"मंग बदलला कोनं?" थोरल्यानं विचारलं. विचारताना त्यानं धाकट्याकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून राह्यला?" धाकटा उठला. "बाबाच्या आजारपनात अंगठी तुह्या कपाटात होती."

सुनाही बोलायला लागल्या. मावशी ओरडली, "चूप बसा सारे!" मग माझ्याकडे वळली. "तुह्या मशीनची चूक झाली असंन."

"मावशी, चूक होऊ शकते. पण तापवलेला आहे, त्यात चूक नाही."

तिनं तोंड फिरवलं. दोन्ही भाऊ एकमेकांना चोर समजत होते आणि ते भांडण मी जयपूरहून पिशवीत घालून आणलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच मावशीला म्हटलं, वाशीमला जुन्या सराफांकडे जाऊ. त्या घराचे सगळे दागिने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच घडले होते. दगड बदलला असेल तर कोंदण कुणीतरी उघडलं असणार.

सराफ आता थकले आहेत, दुकान मुलगा बघतो. त्यांनी अंगठी हातात घेतली. चष्मा लावलाच नाही.

"माझ्याकडंच बदलला," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल, असंच मी समजत होतो."

मावशीनं विचारलं, "कवा?"

"तुमची मुलगी आजारी होती तेव्हा."

इथं मावशीच्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती माझ्याच वयाची. नववीत होतो आम्ही, तेव्हा तिला रक्ताचा कॅन्सर झाला. आधी अकोला, मग नागपूर. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. मावशीनं काकांना सगळ्यांसमोर सांगितलं, अंगठी इका. काकांचे वडील तेव्हा हयात होते, अंगठीवर त्यांचा जीव होता. काका म्हणाले, "अंगठी नाई इकाची." पुढच्या आठवड्यात ते पोरीला घेऊन मुंबईला गेले. एका दोस्तानं मदत केली, असं घरी सांगितलं. पोरगी तिथंच गेली. परत आले तेव्हा काकांच्या बोटात अंगठी होती आणि मावशीनं ती पाहिली.

त्यानंतर तिनं त्यांना कधी माफ केलं नाही. मी सुटीत जायची तेव्हा ऐकायची. जेवताना, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, कुठूनही ती तिथंच यायची. "आधी इकली असती तं पोरगी वाचली असती. यानं गोटा ठेवला अन्‌ पोरगी घालवली." काका ताटातलं संपवायचे, हात धुवायचे आणि शेताकडे निघून जायचे. आम्हा मुलांनाही काका मनानं कोरडे वाटायला लागले होते. मी पुढं त्यांच्या जवळ बसले नाही.

सराफ सांगत होते. काका एकटेच आले होते. म्हणाले, दगड विका, पण अगदी तसाच दिसणारा दुसरा बसवून द्या. बाबांच्या नजरेला आलं नाही पाहिजे. मुंबईचा एक व्यापारी जुना दगड घेऊन गेला. तेव्हा इथं असला कागद कोण करत होतं? सिलोनचा म्हणूनच भाव झाला. नवा नीलम जयपूरच्या दलालाकडून आला, नव्या खाणीचा, रंगानं जवळचा आणि स्वस्त.

म्हणजे जुना दगड खरंच काश्मीरचा होता का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

"मोठे मालक, तुमचे सासरे, वारल्यावर ते एकदा आले होते," सराफ म्हणाले. "मी म्हटलं, आता तरी घरी सांगा. तर म्हणाले, सांगून काय होते? पोरगी तं गेलीच. तिच्या मायले राग ठेवाले एक जागा हाये, राहू द्या."

मावशी दुकानात रडली नाही. तिनं अंगठी पदराच्या टोकाला बांधली आणि उठली. बसस्टँडवर मी तिला चहा आणून दिला, तो तिनं हातातच धरून ठेवला.

"त्याइनं मले काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मी रोज बोलत होती. मरायच्या आधल्या दिवशीबी बोलली मी. दवाखान्यात. पाणी मागतलं त्याइनं, अन्‌ मी पाणी देता देता बोलली."

मी तिचा हात धरला. अहवाल पाठवून मोकळी झाले असते, तर तिनं उरलेलं आयुष्य त्याच रागावर काढलं असतं. ते कदाचित बरंही झालं असतं.

घरी आल्यावर तिनं मुलांना थोडक्यात सांगितलं. थोरला उठून धाकट्याजवळ जाऊन बसला. अंगठी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

काकांच्या वर्षश्राद्धाला मी पुन्हा गेले. मेडशीचे, वाशीमचे, सगळे सोयरे आले होते. ज्यांच्यासमोर तिनं इतकी वर्षं काकांना बोल लावले, ती सगळी माणसं. पानं वाढून झाली, तेव्हा मावशी मांडवात उभी राहिली. अशा पंगतीत आमच्याकडे बाई कधी उभी राहून बोलत नाही.

"मी तुमच्या साऱ्याइच्या समोर बोलत होती, त्याइनं गोटा ठेवला म्हनून. त्याइनं नोता ठेवला. पोरीसाठी इकला होता. मले मालूम नोतं. आता तुमी सारे ऐकून घ्या."

वाढपी भाताचं घमेलं घेऊन तसाच उभा राहिला. मग एका म्हाताऱ्या सोयऱ्यानं, "बसा बाई, बसा," म्हटलं आणि लोक जेवायला लागले.

मावशी आत गेली. मी ताट घेऊन गेले तेव्हा ती काकांच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "ठेव तिथं. मंग खातो." संध्याकाळी पाहुणे गेले, मांडव सोडला, तरी ताट तसंच झाकलेलं होतं.