महूच्या घाटातले चौदा नमुने

शामजी तांब्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की आमच्या भूशास्त्र विभागात कुणी त्यांच्या लेबलवर शंका घेतली नाही. मीही नाही, आणि शंका घेणं हा माझा पगारी धंदा आहे. वीस वर्षं मी तिथे शिकवते आहे. शामजी मात्र माझ्या आधीपासून तिथले प्रयोगशाळा सहायक. वडील कापड मिलमध्ये कारकून, घर राजेंद्र नगरला, डबा बरोबर एक वाजता, आणि दगड कापायला बसले की दुनिया गेली उडत. कागदापेक्षा पातळ काप काढायचे आणि वर म्हणायचे, "जाड झाला थोडा."

त्यांच्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट एकच, ती म्हणजे महूच्या पुढे निमाडात उतरणाऱ्या घाटातले चौदा नमुने. अठ्ठ्याण्णव साली आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांबरोबर जाऊन शामजींनी ते छिन्नीने काढले होते. पायथ्याशी एक नंबर, माथ्यावर चौदा.

हे नमुने म्हणजे लाल माती. माळव्याचं पठार लाव्हाच्या थरांवर थर बसून झालं. एक थर ओतला गेला की मध्ये हजारो वर्षं शांतता. तेवढ्यात वरचा दगड पावसापाण्याने कुजतो, त्याची लाल माती होते, आणि पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून दाबून टाकतो. त्या मातीत कधी लांबून उडत आलेली ज्वालामुखीची राख पडलेली असते, आणि राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक दाणे. त्यातल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं, म्हणून दाणे आम्लात विरघळवून दोन्ही मोजलं की वय कळतं.

वयासाठी एवढी मारामारी का, तर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरसकट पृथ्वीवरच्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती संपल्या. कशाने, यावर आमच्या लोकांत अजून भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, आकाशातून अशनी आदळला. त्यांच्याकडे जगभर त्याच पातळीला सापडणारा इरिडियमचा, म्हणजे पृथ्वीवर दुर्मीळ पण अशनींत भरपूर असलेल्या धातूचा, थर आहे, धक्क्याने चिरा पडलेलं क्वार्ट्झ आहे, आणि मेक्सिकोत जमिनीखाली गाडलेलं विवरही आहे. दुसरा पक्ष आपल्या लाव्हाकडे बोट दाखवतो. त्यातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं होतं, आणि त्या काळच्या समुद्रातल्या गाळात पारा वाढलेला दिसतो, तो ज्वालामुखीचाच. तिसरे म्हणतात, दोघांनी मिळून. म्हणून प्रश्न असा की कुठला लाव्हा संहाराच्या आधीचा आणि कुठला नंतरचा. नंतर आलेल्याला खुनी ठरवता येत नाही.

आमच्या घाटापुरतं हे शोधायला शिवांगी पळशीकर निघाली होती. माझी विद्यार्थिनी, हुशार, हट्टी, माझ्याशी रोज वाद घालणारी. रस्ता रुंद करताना घाटातला तो जुना कडा सुरुंगाने उडवला गेला आणि उरलेल्यावर सिमेंट मारलं गेलं. तेव्हा शामजींच्या चौदा पिशव्याच तेवढ्या शिल्लक. साडेतीन वर्षांत तिने सगळ्या कुटून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने दाणे वेचले. दोनच नमुन्यांत पुरेसे मिळाले, तीन आणि बारा. ते परदेशातल्या प्रयोगशाळेत गेले. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती आणि प्रबंध या दोन आकड्यांवर उभा होता.

आकडे जानेवारीत आले. तीन नंबर, म्हणजे पायथ्याजवळचा, सहा कोटी एकोणसाठ लाख. बारा नंबर, माथ्याजवळचा, सहा कोटी त्रेसष्ट लाख. म्हणजे खालचा तरुण आणि वरचा म्हातारा.

शिवांगीने त्यावर तोड काढली, आणि ती चुकीचीही नव्हती. वरच्या मातीत जुन्या राखेतले दाणे वाहून आले असतील, असं होतं. त्यामुळे बारा सोडून द्यायचा. तीनमधले दाणे मात्र तरुण, आणि माती तिच्यातल्या सगळ्यात तरुण दाण्यापेक्षा जुनी असू शकत नाही. पायथ्याचाच थर संहारानंतरचा म्हटल्यावर त्याच्यावरचा सगळा लाव्हाही नंतरचा. घाट निर्दोष. मी चार प्रश्न विचारले, तिने चारही उत्तरं दिली, आणि आम्ही दोघी खूश होऊन चहा प्यायलो. शामजींना सांगितलं की तुमचं नाव आभारात पहिलं आहे.

त्यांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, आणि एकतीस वर्षांत त्यांनी अशी दांडी मारलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी आले ते सरळ शिवांगीच्या टेबलाशी, आणि सगळं सांगून टाकलं.

दोन हजार अकरामध्ये विभाग तळघरात हलवला, तेव्हा वरची टाकी फुटून कपाट भिजलं होतं. पिशव्यांमधल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला, बाहेरचे नंबरही पुसले गेले. शामजींनी माती वाळवली, नव्या पिशव्या शिवून घेतल्या आणि रंग, पोत बघून, आठवून आठवून, नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्या सुरेख अक्षरात. जुने विभागप्रमुख तेव्हा अंथरुणाला खिळलेले, त्यांना त्रास नको म्हणून सांगितलं नाही. ते वारले. मग सांगायचं राहून गेलं.

"मला वाटलं, मी ओळखतो माझे दगड," शामजी म्हणाले. "सच बोलू तर बेटा, शरम वाटली. इतकी वर्षं सगळे म्हणायचे, शामजीने लिहिलंय ना, मग बघायचं काय."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मूळ नोंदवही माझ्याच कपाटात होती आणि तिच्यात प्रत्येक थराचं वर्णन होतं. माती कुटण्याआधी ते वर्णन आणि पिशवीतली माती ताडून बघायला एक दुपार पुरली असती. ती दुपार आम्ही आता घालवली. वर्णनं काय तर 'गडद लाल, भुसभुशीत', 'लाल, भुसभुशीत', 'तपकिरी लाल'. चौदा पिशव्यांत तळाशी उरलेला सारखाच लाल चुरा बघत आम्ही तिघं बसलो होतो.

शिवांगी हलक्या आवाजात म्हणाली, "काका, तीन आणि बारा आपसात बदलले असतील तर? उलटे ठेवले तर जुळतंय सगळं. खालचा जुना, वरचा नवा, संहार मधोमध."

जुळत होतं खरं. मलाही मोह झाला, खोटं का बोलू? पण वयावरून थराची जागा ठरवायची आणि मग त्याच जागेवरून वयाचा अर्थ लावायचा, याला पुरावा म्हणत नाहीत. तिला सांगावं लागलंच नाही. तिनेच लॅपटॉप मिटला.

मग तिने शामजींना एकच विचारलं. चौदांतल्या कुठल्याही एकाची खात्री आहे का?

शामजींनी एकेक पिशवी उघडली. चिमूटभर चुरा तळहातावर घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, ओला करून बोटाने चोळला. तास गेला. शिवांगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. शेवटची पिशवी बांधून ते म्हणाले, "एकाची पण नाही."

त्यांनी कागद मागितला आणि तसं लिहून सही केली. अक्षर तेवढंच देखणं होतं, आणि मला ते बघवेना. शिवांगीने तो घडी करून फाइलला लावला. दाणे तर आम्लात विरून गेलेले, कडा उडवलेला. परत जाऊन आणायला जगात काही उरलं नव्हतं.

शामजी जायला उठले आणि दाराशी थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी हे विचारलं नव्हतं, आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. ते माती काढायचे, आम्ही न्यायचो.

"शिवांगी, मग ते सगळे मेले कशाने? आपल्या लाव्हाने का?"

"माहीत नाही, काका," ती म्हणाली. "या घाटातून तर आता कुणालाच कळणार नाही."