न फुगलेला कपॅसिटर

घाटकोपर पूर्वेला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी तिथे दिवसभर बसतात. वर पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली पुस्तक उघडून बसणं म्हणजे शिक्षाच. म्हणून कोणीतरी आपला जुना स्प्लिट एसी अभ्यासिकेला दिला होता. तो बंद पडला, तेव्हा मला बोलावणं आलं. मी एसीचा मेकॅनिक. आयटीआय करून सात-आठ वर्षं झाली होती, हातात भरपूर कामं होती आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते दिवस होते.

अभ्यासिका एक बाई सांभाळायच्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र अजून वर्गातलाच. त्यांच्याबरोबर मी जिन्यावरच्या छोट्या स्लॅबच्या गच्चीवर गेलो. बाहेरचं युनिट भर उन्हात, कठड्याला लागून बसवलेलं. पंखा फिरत होता, पण कंप्रेसरमधून नुसतं 'हूंऽऽ' येत होतं. पाच-सात सेकंद ते गुरगुरणं, मग टक्क आवाज आणि शांतता. थोड्या वेळाने पुन्हा हूंऽऽ, पुन्हा टक्क.

मी झाकण उघडलं, आत नजर टाकली. कपॅसिटर, म्हणजे तो अॅल्युमिनियमचा डबा, वरून सपाट होता. खराब झाला की तो बहुतेक वेळा वर फुगतो, कधी तेल गळतं. यात तसं काही नव्हतं. मी झाकण लावलं आणि सांगितलं, "कंप्रेसर जाम झालाय बाई. मशीन जुनं आहे. आता यात जीव नाही."

त्या म्हणाल्या, "कशावरून?"

"आवाजावरून. एवढ्या वर्षांत कळतं ना."

"मला नाही कळत, म्हणून विचारते. आमच्या घरचा सीलिंग फॅन असाच नुसता गुणगुणायचा. काठीने ढकलला की फिरायचा. इलेक्ट्रिशियनने कंडेन्सर बदलला, अजून चालतोय. तसं काही यात नसतं का?"

मला राग आला. आता पंख्यावरून या मला एसी शिकवणार! "असतं," मी म्हणालो, "त्यालाच कपॅसिटर म्हणतात. पण तो बघितला मी. चांगला आहे."

"बघितलास की मोजलास?"

मोजला नव्हता. माझा मीटर कपॅसिटर मोजणारा नव्हताच. वर्षभरापूर्वी चांगला मीटर बिघडला आणि मी हातात येईल तो स्वस्तातला घेतला होता. हे त्यांना सांगायची लाज वाटली. "दुकानातून येतो," एवढंच म्हणून खाली उतरलो.

ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याकडून मीटर मागून आणला. एमसीबीचा खटका पाडला. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, म्हणून होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी लावून तो चार्ज आधी उतरवला. मग वायरी सोडवून मोजला. डब्यावर पंचेचाळीस मायक्रोफॅरॅड छापलं होतं. मीटरवर आकडा आला सहा.

मी पुन्हा लावून बघितलं. सहाच.

मग कंप्रेसरची तिन्ही टोकंही तपासली. दोन्ही वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची वेटोळी, शाबूत होत्या, बॉडीला कुठे शॉर्ट नव्हतं. हे सगळं मी एक तासापूर्वीच करायला हवं होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. त्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभ्याच होत्या.

"तुमचा पंखाच झालाय," मी म्हणालो. "कंप्रेसरच्या मोटरला फिरायला सुरुवात करताना धक्का लागतो. तो धक्का कपॅसिटर देतो. तो मेला की मोटर जागच्या जागी गुरगुरते, खूप करंट ओढते, तापते. जळू नये म्हणून आतला ओव्हरलोडचा खटका तिची वीज तोडतो. ते टक्क. गार झाली की पुन्हा प्रयत्न करते."

"मग या युनिटमधला पंखा कसा फिरत होता?"

"त्याचा कपॅसिटर वेगळा, छोटा आहे. तो चांगला आहे."

तेवढ्याच आकड्याचा, तेवढ्याच व्होल्टचा नवा कपॅसिटर आणून बसवला. एमसीबी वर केला. कंप्रेसर एकदा हलला आणि सरळ चालू लागला. खालून कोणीतरी पोरगी ओरडली, "बाई, गार हवा आली!"

बाई हसल्या. मला म्हणाल्या, "चहा घेऊनच जा." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा पिताना मला मुलुंडचे काका आठवले, माझं एक गिऱ्हाईक. गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या घरीही असंच हूंऽऽ आणि टक्क होतं. तिथेही कपॅसिटर फुगलेला नव्हता. तिथेही मी झाकण लावून म्हणालो होतो, "कंप्रेसर गेला काका." काकांनी मला 'कशावरून' असं विचारलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली होती. तो एसी त्यांच्या लेकाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. ते सांगताना त्यांचा हात युनिटवरून फिरत होता, हेही मला आठवलं. लेक आता बंगळूरला असतो.

दोन दिवस मी स्वतःची समजूत काढत होतो. तिथला खरंच जाम झाला असेल. जुने कंप्रेसर होतात जाम. पण मला माहीत नव्हतं, आणि खरी गोष्ट तीच होती. काम करताना मला ते माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो होतो.

तिसऱ्या दिवशी मुलुंडला गेलो. वाटलं, मशीन अजून असेल तर मोजून बघू. काकांनीच दार उघडलं. "काय रे, काय झाला? नवीन मशीन बरा थंड देता."

"काका, जुनं युनिट आहे का?"

"ता कधीच भंगारवाल्याक दिलंय. कित्याक?"

बसून सगळं सांगितलं. की कदाचित एक छोटा डबा बदलून ते चाललं असतं. की मी मोजलं नव्हतं. की आता कधीच कळणार नाही. काका ऐकत राहिले. आतून काकू पाणी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

काका म्हणाले, "मगे हे सांगूक इलंस कित्याक? मी तर इसरलंय होतंय."

"चुकलं माझं काका," एवढंच म्हणालो.

"पाणी पी," ते म्हणाले. थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाले, "झिलाक नको सांगू हां. त्याका वाटात, बाबान आपली वस्तू फुकट घालवली."

त्यानंतर काकांचा फोन कधी आला नाही. नव्या एसीची सर्व्हिसिंग दुसरं कोणी करतं, असं त्यांच्या इमारतीतल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात मी चांगला मीटर घेतला. आजही उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन तरी असे गुरगुरणारे कंप्रेसर भेटतात. बहुतेकदा कपॅसिटरच असतो. कधी मात्र आकडा बरोबर येतो, वाइंडिंगही ठीक येते आणि कंप्रेसर खरंच जाम निघतो. तेव्हा मी मीटर गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो, "तुम्हीच बघा." बरेचजण बघत नाहीत. "तू सांगतोस ना, झालं तर मग," असं म्हणतात, आणि त्या विश्वासाचं मला ओझं वाटतं.